सनई की क्लॅरिनेट? आधी खालचा सूर ऐका

मावल्यात वरात रस्त्याने निघाली, की बँडमध्ये गाण्याची चाल वाजवणाऱ्या त्या काळ्या नळीला आमच्या घरी सगळे सरसकट 'सनई' म्हणतात. बहुतेकदा ती क्लॅरिनेट असते. न पाहता, नुसतं ऐकून हे ओळखता येतं का? येतं, पण आवाज 'गोड' की 'कर्कश' यावर जाऊ नका. चांगल्या वादकाच्या हातात तिन्ही वाद्यं गोडच लागतात.

माझी पहिली कसोटी खालच्या सुराची. क्लॅरिनेट आणि ओबो लांबीला जवळपास सारखेच, साधारण 65 सेंटिमीटर. तरी ओबो 233 हर्ट्झच्या खाली उतरत नाही आणि नेहमीची क्लॅरिनेट 147 पर्यंत जाते, म्हणजे थेट पुरुषी आवाजाच्या पट्टीत. कारण क्लॅरिनेटची नळी आतून बहुतांश एकसारख्या रुंदीची आहे, तर ओबो आणि सनई टोकाकडे रुंद होत जातात. सारख्या रुंदीची, फुंकायच्या बाजूने बंद असलेली नळी तेवढ्याच लांबीत बराच खालचा सूर देते. त्या खालच्या सुरांत एक पोकळ, लाकडी घुमारा असतो. तो ऐकू आला, की सनई आणि ओबो बाद. गर्श्विनच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'ची (1924) सुरुवात ऐका : तळाशी थरथरणारा सूर, मग वर सरकत जाणारी लांब मींड. मींड आहे म्हणजे सनईच, असं नाही, हेही तिथेच कळतं.

चाल वरच्या पट्टीतच राहिली तर मात्र श्वास ऐकावा लागतो. क्लॅरिनेटला एकच पाती असते. हळू वाजवताना हवेची बारीक सळसळ येते आणि सूर शांततेतून अलगद उगवू शकतो. ओबोला दोन पात्या, त्यांच्यातली फट अगदी अरुंद. वादकाची हवा संपतच नाही. शिळा श्वास आधी बाहेर टाकून मगच नवा घ्यावा लागतो. म्हणून वाक्यं लांबलचक आणि मधली फट जराशी मोठी. 'द मिशन' (1986) मध्ये फादर गॅब्रिएल ओबो वाजवतो, ती मोरिकोनेची धून या कानाने एकदा ऐकून बघा.

सनईलाही पात्याच, पण चाव्या नाहीत. बोटं छिद्रांवरून सरकतात, त्यामुळे चाव्यांची टकटक नाही आणि सूर सुरात विरघळतो. 'गूंज उठी शहनाई' (1959) मध्ये संगीत वसंत देसाईंचं आणि सनई बिस्मिल्ला खाँसाहेबांची. त्यात हे स्वच्छ कळतं. श्वास मात्र इथे फसवतो. गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत वादक सूर अखंड ठेवू शकतो, शिवाय जोडीदाराचा धरलेला षड्ज मधल्या फटी झाकतो.

हल्ली मांडवात चौथाच उमेदवार असतो, कीबोर्डवरची 'सनई'. तिचा प्रत्येक सूर हुबेहूब एकाच झटक्याने सुरू होतो. तोच सूर लागोपाठ दोनदा आला, की लगेच पकडता येते.