रात्रीच्या लघवीचा हिशेब

रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं, अशी तक्रार साठीच्या पुढच्या पुरुषाने केली की घरापासून कट्ट्यापर्यंत सगळे एकच निदान करतात: प्रोस्टेट. बाईने केली, तर ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपतो. किती वेळा उठलात, हे सगळेच विचारतात. दर वेळी लघवी किती झाली, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं आणि अर्धं निदान तिथेच असतं.

त्यासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणि एक वही पुरते. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहायचं. काय प्यायलो, कधी झोपलो, कधी उठलो, तेही टिपायचं. एक मेख लक्षात ठेवावी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते.

समजा, ६८ वर्षांच्या एका दुकानदाराची वही अशी आहे: झोप साडेदहाला, एक वाजता २८०, तीनला ३००, साडेचारला २२० आणि सहाला उठल्यावर ३५० मिलिलिटर. रात्रीचे झाले ११५०. दिवसभरात पाच वेळा मिळून ८५०. चोवीस तासांची एकूण लघवी दोन लिटर, म्हणजे ठीकच. पण त्यातली निम्म्याहून जास्त रात्री झाली. पासष्टीपुढे हा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला, तर मूत्रपिंडं रात्री जास्त लघवी तयार करताहेत असं डॉक्टर मानतात. या गृहस्थांचं मूत्राशय एका वेळी तीनशेच्या आसपास धरतं आहे, त्यामुळे सगळा दोष प्रोस्टेटवर टाकता येत नाही.

मग हे पाणी येतं कुठून? तरुणपणी रात्री व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडं लघवी आटोपशीर ठेवतात. वयानुसार ही लय सैल पडते. दुसरं कारण पायांत असतं. दिवसभर गल्ल्यावर पाय लोंबकळत बसल्याने घोट्यांभोवती पाणी साठतं. संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटलेला दिसतो, नडगीवर अंगठा दाबला तर खळगा राहतो. आडवं पडलं की तेच पाणी रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. रक्तदाबासाठी अनेकजण घेतात त्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, हेही इथे आठवावं. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. पर्याय डॉक्टरांना विचारावा.

अशा माणसाने दुपारी चार-पाचच्या सुमारास तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं. ते पाणी मग झोपेआधीच निघून जातं. लघवीची गोळी चालू असेल, तर तिची वेळ दुपारची करता येईल का, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

पाणी तोडणं हा मात्र उपाय नाही. मुतखडा झालेल्यांना आणि उन्हाळ्यात तर ते महागात पडतं. दिवसभराचं पाणी तेवढंच ठेवून त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहापर्यंत संपवावं. शेवटच्या दोन-तीन तासांत गोळीपुरते घोट. रात्रीचं ताक, पातळ आमटी, कलिंगड हेसुद्धा पाणीच, हे आपण सोयीस्कर विसरतो. जेवणानंतरचा चहा आणि मद्य दोन्ही टाळावं. मीठही मोजावं. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलेल्या रुग्णांचं रात्रीचं उठणं सरासरी २.३ वरून १.४ वर आलं. खिचडीबरोबरचं लोणचं-पापड हा त्यामुळे निव्वळ चवीचा मामला राहत नाही.

वहीत उलट चित्र दिसलं, म्हणजे दर वेळी ८०-१०० मिलिलिटरच, तर मूत्राशय नीट धरत नाही किंवा पुरतं रिकामं होत नाही. जंतुसंसर्ग, अतिसंवेदनशील मूत्राशय आणि हो, प्रोस्टेट, यांची शंका तेव्हा घ्यावी. दिवसरात्र दोन्ही वेळा भरपूर लघवी आणि सतत तहान असेल, तर आधी रक्तातली साखर तपासावी. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर मूळ श्वासात असू शकतं. श्वास अडकल्याने हृदयावर येणारा ताण लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतो.

रोज दोनदा किंवा जास्त वेळा उठावं लागत असेल आणि त्याचा त्रास होत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. लघवीत रक्त दिसणं, वजन घटणं किंवा म्हातारपणी नव्याने अंथरूण ओलं होणं, यात दिरंगाई नको. जळजळीसोबत ताप आला किंवा आडवं पडल्यावर धाप लागू लागली, तर त्याच दिवशी दाखवावं. आणि लघवी पूर्ण तुंबून ओटीपोट फुगलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. तिथे नळी घालून मूत्राशय लगेच रिकामं करतात.