बिलाची आठवण: आधी गोडीत, मग तारखेसह

भाषांतरकाराचं बिल थकतं तेव्हा आपण पहिला संशय समोरच्याच्या नियतीवर घेतो. बहुतेक वेळा भानगड याहून साधी असते. काम देतो एक विभाग, पैसे सोडतो दुसराच. ज्या मॅनेजरने भाषांतर मागवलं, त्याच्या मेलबॉक्समध्ये बिल पडून राहतं आणि अकाउंट्सपर्यंत पोचतच नाही. पोचलं तर त्यावर पीओ नंबर नसतो, किंवा व्हेंडर फॉर्मसोबत रद्द केलेला चेक जोडायचा राहिलेला असतो. तुम्हाला हे कोणी कळवत नाही.

म्हणून पहिलं स्मरणपत्र तगादा म्हणून लिहू नये, चौकशी म्हणून लिहावं. समजा, पुण्यातल्या एका कारखान्यासाठी यंत्राचं माहितीपुस्तक मराठीत केलं. नऊ हजार शब्द, शब्दाला दोन रुपये, एकूण १८,००० रुपये. काम आणि बिल ५ जानेवारीला दिलं. कामाच्या ऑर्डरमध्ये ३० दिवसांची मुदत लिहिलेली आहे, म्हणजे ती ४ फेब्रुवारीला संपली. एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि बिलाच्याच मेलवर उत्तर म्हणून लिहावं:

‘नमस्कार सर, माहितीपुस्तकाच्या भाषांतराचं ५ जानेवारीचं १८,००० रुपयांचं बिल पुन्हा जोडत आहे. त्याची मुदत ४ फेब्रुवारीला संपली. बिल अकाउंट्सकडे गेलं आहे का, आणि माझ्याकडून काही कागद राहिला आहे का, एवढं कळवाल का?’

यात ‘त्रास देते, माफ करा’ नाही, आणि घरखर्चाची अडचणही नाही. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागताना माफी कसली मागायची? मात्र ‘पैसे कधी देणार?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ असं उत्तर देऊन मोकळं होता येतं, तसं ‘कागद राहिला आहे का?’ या प्रश्नाला येत नाही. फोन केलात तरी चालेल, पण ठेवल्यावर ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ अशी दोन ओळींची मेल टाकावी.

उत्तर आलंच नाही, किंवा ‘बघतो’वर गाडी अडली, तर दुसरं पत्र. ते साधारण फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जावं, आणि या वेळी अकाउंट्सलाही कॉपी असावी. शब्द चढवून पत्र कडक होत नाही. त्यात तारीख असावी लागते, आणि त्या तारखेनंतर काय होईल ते असावं लागतं.

इथे २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायदा उपयोगी पडतो. तो फक्त कारखान्यांसाठी आहे असा समज आहे. पण उद्यम नोंदणी केलेला एकटा भाषांतरकारही त्यात सूक्ष्म उद्योग म्हणून बसतो. नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, फक्त ती काम घेण्याआधी केलेली बरी. नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. या कायद्यानुसार करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही, आणि लेखी करार नसेल तर ती १५ दिवसांचीच. कामाबद्दल तक्रार असेल तर ग्राहकाने १५ दिवसांत लेखी कळवायला हवी. एरवी काम स्वीकारलं असंच धरतात, त्यामुळे दीड महिन्याने अचानक सापडलेल्या ‘चुकां’ना फारसा अर्थ उरत नाही.

उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, दरमहा चक्रवाढीने. बँक दर सहा टक्के धरला, तर अठरा हजारांवर पहिल्या महिन्याचे २७० रुपये. एवढ्याने कुठलाच कारखाना घाबरत नाही. अकाउंट्सवाले कान टवकारतात ते आयकरामुळे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे मुदत उलटलेले पैसे ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत, तर त्या वर्षी तो खर्च वजावटीला मिळत नाही. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. पंचवीस टक्के करदर धरला, तर अठरा हजारांचं बिल अडवण्यापायी साडेचार हजारांचा कर त्या वर्षी भरावा लागतो. म्हणूनच या पत्राला फेब्रुवारी-मार्चमध्ये जेवढं वजन असतं, तेवढं जूनमध्ये नसतं.

‘६ फेब्रुवारीच्या मेलला उत्तर मिळालेलं नाही. १८,००० रुपये १० मार्चपर्यंत जमा करावेत. माझा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर आहे. सूक्ष्म उद्योगांची थकबाकी ३१ मार्चपूर्वी न दिल्यास वजावट मिळत नाही, हे अकाउंट्स विभागाच्या माहितीसाठी. पैसे जमा होईपर्यंत नवीन काम घेता येणार नाही.’

परिषदेकडे तक्रार करण्याचा इशारा मी या पत्रात घालणार नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, पण कायद्यात ९० दिवस म्हटले असले तरी प्रत्यक्षात प्रकरण लांबतं, आणि जे करायचा विचार नाही ते लिहू नये. ग्राहक परदेशातला असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. तिथे पहिल्याच कामाला निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत.