परदेशी जहाज आपल्या समुद्रातून जाऊ शकतं, पण संशोधन करायचं तर भारताची परवानगी लागते!

खोल समुद्रात मासेमारीला गेल्यावर कधी कधी दूरवर एखादं अनोळखी मोठं जहाज दिसतं. ते तिथे काय करतंय, त्याला तो अधिकार आहे का, असा प्रश्न अनेक तांडेलांना पडतो. याचं उत्तर कायद्यात आहे.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा आपला प्रादेशिक समुद्र. तिथून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात. या पट्ट्यातून कुठल्याही देशाचं जहाज ये-जा करू शकतं. पण तिथले मासे, तेल, वायू आणि तळाची खनिजं यांवर हक्क भारताचा. तिथे संशोधन करणं, कृत्रिम बेट किंवा तेलाचा प्लॅटफॉर्म उभारणं यासाठी १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार केंद्र सरकारचा परवाना किंवा अधिकारपत्र लागतं. परदेशी सरकारही याला अपवाद नाही. भारतीय नागरिकाच्या मासेमारीला मात्र या परवान्याची अट नाही. मासेमारीचे बाकीचे नियम वेगळे, ते पाळावेच लागतात.

परवानगी कशी मागायची?

समजा, एखाद्या परदेशी संस्थेला रत्नागिरीसमोर ८० सागरी मैलांवर पाण्याचे आणि तळाच्या गाळाचे नमुने १ नोव्हेंबरपासून घ्यायचे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारानुसार तिने किमान सहा महिने आधी, म्हणजे १ मेपर्यंत सगळी माहिती भारताला द्यायची. हेतू काय, कुठली उपकरणं वापरणार, जहाज कोणतं, नेमकी जागा कुठली, कधी येणार आणि कधी जाणार, जबाबदार माणूस कोण, हे सगळं त्यात हवं.

माहिती मिळाल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत भारताने नकार कळवायचा किंवा आणखी माहिती मागायची. भारत काहीच बोलला नाही, तर करारानुसार सहा महिन्यांनी संमती आहे असं धरलं जातं. आपल्या १९७६ च्या कायद्यात मात्र गप्प राहणं म्हणजे परवाना नव्हे. म्हणून वेळेत उत्तर देणं महत्त्वाचं ठरतं.

निव्वळ ज्ञानासाठीचं संशोधन असेल तर एरवी संमती द्यावी, असं करार सांगतो. पण तेल, वायू किंवा मासळीच्या शोधाशी थेट संबंध असेल, तळाला छिद्र पाडायचं किंवा स्फोटकं वापरायची असतील, कृत्रिम बेट वा बांधकाम करायचं असेल, किंवा माहिती चुकीची दिली असेल, तर नकार देता येतो. संमती दिली तरी आपले शास्त्रज्ञ त्या जहाजावर जाऊ शकतात. गोळा केलेली माहिती आणि नमुनेही भारताला मिळाले पाहिजेत. ठरल्यापेक्षा वेगळं काम चालू असेल तर ते थांबवायला सांगता येतं.

अंदमानजवळ काय झालं?

सप्टेंबर २०१९ मध्ये 'शी यान-१' हे चिनी संशोधन जहाज अंदमानजवळ भारताच्या आर्थिक क्षेत्रात काम करताना आढळलं. भारतीय नौदलाने त्याला बाहेर जायला सांगितलं आणि ते निघून गेलं. डिसेंबरमध्ये तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल करमबीर सिंह यांनी हे जाहीर केलं. नुसतं जाणारं जहाज अडवता येत नाही. अडवलं ते विनापरवानगी संशोधनाला.

प्लॅटफॉर्मभोवतीचे ५०० मीटर

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. तिथल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मना कायद्याने बेट मानत नाहीत, त्यामुळे त्यांना स्वतःचा १२ मैलांचा समुद्र मिळत नाही. मिळतं ते फक्त सुरक्षा क्षेत्र, बाहेरच्या कडेपासून जास्तीत जास्त ५०० मीटरचं. खांबांपाशी मासळी जमते म्हणून काही नौका जवळ जातात. पण धोका खरा आहे. २७ जुलै २००५ रोजी एक मदतनौका तिथल्या प्लॅटफॉर्मवर आदळली, वायू बाहेर पडून आग लागली आणि २२ जणांचा जीव गेला. ती तर कामासाठीच आलेली नौका होती.

त्यामुळे जीपीएसवर प्लॅटफॉर्मची जागा नोंदवून ठेवा. अंतर मोजताना कडेपासून मोजा आणि वारा-प्रवाहाने जाळं आत ओढलं जाणार नाही इतकं लांब राहा. एखादं जहाज एकाच भागात रेषा आखल्यासारखं सावकाश मागे-पुढे फिरत असेल किंवा दोरीने उपकरणं पाण्यात सोडत असेल, तर ते बहुधा सर्वेक्षण करत असतं. ते परवानगी घेऊन आलेलं असू शकतं, आपलंही असू शकतं. आपण त्याच्याजवळ जाऊ नये. वेळ, जागा आणि जहाजाचं नाव टिपून घ्यावं आणि तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावं. परवानगी आहे की नाही हे तपासणं त्यांचं काम.