घरचे एस्प्रेसो मशीन : पंधरा हजारांत काय घ्यावे?

मंडळातल्या काही कुटुंबांनी अलीकडे आम्हांला एकच प्रश्न विचारला आहे. मुले बंगळूरु-पुण्याहून सुट्टीला येतात, त्यांना कॅफेसारखी कॉफी घरी हवी असते. तर दहा-पंधरा हजारांत मशीन कोणते घ्यावे? आम्ही कॉफीचे व्यापारी नव्हे, पण खर्चाआधी हिशेब मांडायची बँकेतली सवय अजून सुटलेली नाही. तो हिशेब इथे मांडतो.

दुकानात गेलात की पहिला आकडा दाखवतात तो दाबाचा. एकावर १५ बार, शेजारच्यावर २० बार, म्हणून शेजारचे महाग. हा आकडा फार मनावर घेऊ नये. एस्प्रेसोला लागतो साधारण ९ बार दाब. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार दाब जास्त असतो, त्यावरून कल्पना यावी. इटलीत १९४८च्या सुमारास गाजियाच्या दांड्याच्या मशीनने एवढा दाब आणला, तेव्हापासून कॉफीवर तो बदामी फेस, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. १९६१च्या फाएमा ई-६१ मशीनने तेच काम विजेच्या पंपाकडे दिले. कॅफेतली मोठी मशीनेही आज ९ बारच्या आसपासच चालतात. मग खोक्यावरचे १५ किंवा २० कशाचे? पाण्याची वाट पूर्ण बंद केली तर पंप जास्तीत जास्त किती रेटू शकेल, त्याचा तो आकडा आहे. पाणी वाहू लागले की दाब उतरतो.

किती उतरतो, हे ठरवते कॉफीची पूड. अंगणातल्या पाइपच्या तोंडावर बोट ठेवले तर धार जोरात उडते, बोट काढले तर पाणी नुसते ओघळते. एस्प्रेसोत ते बोट म्हणजे दाबून बसवलेली पूड. ती पुरेशी बारीक असेल तर पाणी अडते आणि दाब तयार होतो. जाडसर असेल तर २० बारच्या पंपाचाही उपयोग नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. चार-पाच हजारांत 'एस्प्रेसो मेकर' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मशीनांत पंपच नसतो. पाणी उकळून वाफेच्या जोराने कॉफीतून ढकलतात. दाब दोन-तीन बारच्या आसपास आणि पाणी जवळजवळ उकळते, त्यामुळे कॉफी करपट, कडू लागते. ओळखायची खूण सोपी. वर कुकरसारखे घट्ट फिरवायचे झाकण असून पाणी त्यातच ओतायचे असेल, तर ते वाफेचे मशीन. पंपाच्या मशीनला मागे किंवा बाजूला काढता येणारी प्लास्टिकची टाकी असते आणि चालू केल्यावर ते घरघरते.

आता मुख्य मुद्दा, तयार पुडीचा. आपल्या बेळगावात बहुतेक घरी दुकानातून दळून आणलेली पूड येते, तीही चिकोरी घातलेली, फिल्टरसाठी. ही पूड एस्प्रेसोला बहुधा जाडसर पडते. शिवाय दळलेल्या कॉफीतला वायू आणि सुगंध भराभर उडतो. आठ-दहा दिवसांत फरक जिभेला कळतो. चिकोरी तर कॉफीच नव्हे. ती रंग आणि दाटपणा देते, एस्प्रेसोची चव देत नाही.

एका नातलगांच्या मशीनवर आम्ही वजनकाटा आणि घड्याळ घेऊन हे पाहिले. १४ ग्रॅम पुडीतून २८ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत, हे माप ठरवले. मशीनबरोबर दोन जाळ्या होत्या. एकीच्या तळाला शेकडो बारीक भोके, म्हणजे एकपदरी. दुसरी दुपदरी, बाहेरच्या तळाला सुईएवढे एकच भोक. चिकोरी नसलेली विकतची पूड एकपदरी जाळीत घातली तर ९ सेकंदांत कप भरला. फिकट, पातळ, आंबट. तीच पूड दुपदरी जाळीत घातल्यावर २४ सेकंद लागले आणि वर फेसही आला. पण इथे दाब पुडीने नव्हे, त्या एका भोकाने धरला. फेस मोठ्या बुडबुड्यांचा होता आणि बघता बघता बसला. दुधात घालून प्यायला कॉफी चांगली लागली, नुसती प्यायला बेताचीच.

मग ताज्या भाजलेल्या बिया हाताच्या ग्राइंडरवर दळून एकपदरी जाळी लावली. पहिल्या दळणाला १४ सेकंद, दोन खटके बारीक केल्यावर २०, आणखी एक खटका केल्यावर २७. या तिसऱ्या कपाला चव होती. तयार पुडीची खरी मर्यादा इथे दिसते : तिचा खटका आपल्याला फिरवता येत नाही. दुकानदाराने 'एस्प्रेसोसाठी' म्हणून दळून दिले तरी ते आपल्या मशीनला, आपल्या जाळीला जुळेलच असे नाही.

म्हणून पंधरा हजार हाती असतील तर सगळे मशीनवर घालू नयेत. नऊ-दहा हजारांचे पंपाचे साधे मशीन आणि उरलेल्यात एस्प्रेसोपर्यंत बारीक दळणारा हाताचा ग्राइंडर, ही वाटणी आम्हांला पटते. मसाल्याचा पातीचा मिक्सर चालत नाही, कारण त्यात थोडे पीठ आणि थोडे कण असे दोन्ही निघतात. रोज सकाळी दोन मिनिटे हात फिरवायची घरात कोणाचीच तयारी नसेल, तर दुपदरी जाळीचे मशीन घ्यावे, शंभर-सव्वाशे ग्रॅमच पूड आणावी, आणि उरलेले पैसे खात्यात राहू द्यावेत. चिकोरीचीच चव आवडत असेल तर पितळी फिल्टरला पर्याय नाही, हे आमचे स्पष्ट मत.

बॉयलरचे थोडक्यात सांगतो. या किमतीत दोन प्रकार मिळतात. थर्मोब्लॉकमध्ये पाणी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातल्या अरुंद नळीतून जाता जाता तापते. एक-दोन मिनिटांत मशीन तयार होते, पण तापमान थोडे वरखाली होते आणि वाफ जरा ओली येते. छोट्या बॉयलरला तापायला दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतात, मग तापमान बरे टिकते. कॉफीला ९०-९५ अंश लागतात, वाफेला १२०च्या वर. आणि बॉयलर एकच. म्हणून चार पाहुणे आले तर आधी चारही कॉफी काढाव्यात, मग दूध फेसाळावे. उलट केले तर पुढची कॉफी करपते. दूध झाल्यावर फुसफुस थांबेपर्यंत गरम पाणी सोडावे, म्हणजे बॉयलर थंड होतो आणि पुन्हा भरतो. सकाळी घाईत एकच कप लागत असेल त्या घराने थर्मोब्लॉक घ्यावा.

बोअरचे जड पाणी मात्र दोन्हींत घालू नये. नळीत क्षार साचले की धार बारीक होते आणि पंपाचा आवाज बदलतो. पूड जाड करूनही कप भरायला मिनिट लागू लागले, तर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने, पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात, मशीन आतून धुऊन घ्यावे.