चुकीच्या खात्यात भरलेला जीएसटी

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने बेळगावच्या ग्राहकाला १ लाख रुपयांचा माल पाठवला आणि १८ टक्के दराने केंद्राचे ९,००० व राज्याचे ९,००० रुपये भरले. मालाचा प्रवास कर्नाटकात संपत असल्याने हा व्यवहार आंतरराज्य ठरतो. त्यावर एकात्मिक कराचे १८,००० रुपये लागू होते.

एका खात्यातली रक्कम परस्पर दुसऱ्यात वळवून घेता येईल, अशी अनेकांची समजूत असते. कायद्यातील वाट वेगळी आहे. आधी एकात्मिक कर नव्याने भरायचा, मग केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७७ नुसार आधीच्या रकमेचा परतावा मागायचा. एकात्मिक करावर व्याज लागत नाही, ही सवलत न्याय्यच आहे; पण परतावा मिळेपर्यंत छोट्या व्यापाऱ्याचे भांडवल अडकते, हे खरे दुखणे.

चूक अधिकाऱ्यानेच दाखवायला हवी असे नाही. ती व्यापाऱ्याला स्वतः सापडली तरी हक्क मिळतो, असे २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले. योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांत आरएफडी-०१ अर्ज करावा लागतो. मात्र क्रेडिट नोट काढून तोच कर आधीच कमी करून घेतला असेल, तर हा परतावा मिळत नाही.