कोरडी थंडी आणि आवळणाऱ्या श्वासनलिका

व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास बहुधा धावताना नव्हे, थांबल्यावर जाणवतो. साधी धाप थांबल्यावर काही मिनिटांत बसते. इथे उलट घडते. छाती जखडते, खोकला येतो, श्वास सोडताना घरघर ऐकू येते. थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत त्रास टोकाला जातो आणि तासा-दीड तासात बहुतेकदा आपोआप ओसरतो. दमा असलेल्यांत तो सर्रास आढळतो, पण एरवी दम्याचे नावही नसलेल्या खेळाडूंनाही तो होतो. बर्फावरून मैलोन्‌मैल स्की करणारे तर त्याचे नेहमीचे बळी. अमेरिकेच्या १९९८च्या हिवाळी ऑलिंपिक संघाच्या तपासणीत या प्रकारातील निम्म्या खेळाडूंत तो सापडला.

कारण हवेतल्या पाण्यात आहे. फुप्फुसात पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि पूर्ण दमट व्हावी लागते. अशा एक लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम वाफ असते. उणे १० अंशांच्या हवेत मात्र जेमतेम दोनच मिलिग्रॅम मावते. थंड हवा दिसायला दमट असली तरी कोरडीच असते. नाशिकला डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर धुके पडले, तरी त्या हवेतील वाफ लिटरला साडेनऊ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. राहिलेले पाणी श्वासमार्गालाच द्यावे लागते.

विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो आणि तिला ऊबदार व ओलसर करण्याचे काम नाक सहज करते. श्रम वाढले की नाक अपुरे पडते, तोंड उघडते आणि ते काम आतल्या नळ्यांवर येते. समजा, एखादा स्कीपटू उणे १० अंशांत मिनिटाला १२० लिटर हवा घेत आहे. दर लिटरमागे ४२ मिलिग्रॅम म्हणजे मिनिटाला पाच ग्रॅम, एक चमचाभर पाणी. उच्छ्वासात त्यातले काही नळ्यांना परत मिळते, तरीही घट मोठीच. आणि श्वासनलिकेच्या पहिल्या दहाएक फाट्यांवर पसरलेला द्रवाचा थर सगळा मिळून एक मिलिलिटरही भरत नाही.

हा थर आटला की त्यातले क्षार दाट होतात. शेजारच्या पेशींतून पाणी ओढले जाते, त्या आक्रसतात, आणि भिंतीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन यांसारखी रसायने सोडतात. त्यांनी नळ्यांभोवतालचे स्नायू आवळतात. थंडीने गार पडलेल्या भिंतीत व्यायाम थांबल्यावर रक्त वेगाने परतते. त्याने भिंत सुजून वाट आणखी अरुंद होते, असेही काही संशोधक मानतात. पण उबदार पण कोरड्या हवेतही हा त्रास होतो, म्हणून मुख्य दोष कोरडेपणाकडेच जातो. ३७ अंशांची पूर्ण दमट हवा दिली, तर तेवढ्याच श्रमात बहुतेकांच्या नळ्या आवळत नाहीत. १९७०च्या दशकातल्या प्रयोगांनी हे दाखवून दिले.

नाक-तोंडावर गुंडाळलेला मफलर किंवा उष्णता धरून ठेवणारा मास्क याच तत्त्वावर चालतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातली ऊब आणि ओल त्याच्या जाळीत अडकते आणि पुढच्या श्वासाबरोबर आत येते. पोहण्याच्या तलावावरची दमट हवाही अशीच सोसते, फक्त बंदिस्त तलावातील क्लोरीनची संयुगे वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर तीच नळ्यांना दुखावतात.

वार्म-अपचा उपयोग वेगळ्या वाटेने होतो. एकदा नळ्या आवळून पूर्ववत झाल्या की सुमारे निम्म्या लोकांत पुढचे दोन-तीन तास तेवढेच श्रम करूनही त्रास कमी होतो. इंडोमेथासिन हे दाहशामक औषध दिले की हे संरक्षण नाहीसे होते. त्यावरून शरीर त्या काळात प्रोस्टाग्लँडिनसारखे नळ्या सैलावणारे पदार्थ बनवत असावे, असा निष्कर्ष निघतो. वार्म-अपने हीच ढाल आधीच तयार करायची असते. त्यासाठी नुसते हळू चालणे पुरेसे ठरत नाही. हलक्या हालचालींनंतर अर्ध्या-एक मिनिटाच्या वेगवान धावा, मध्ये विश्रांती, अशी चढ-उताराची पद्धत जास्त उपयोगी पडते.

निदान लक्षणांवरून करू नये, कारण फसगत होते. श्वास घेताना शीळ वाजत असेल आणि त्रास ऐन भरात होऊन थांबताच जात असेल, तर अडथळा बहुधा स्वरयंत्रापाशी असतो आणि दम्याचे औषध तिथे लागू पडत नाही. खात्रीसाठी कोरड्या हवेत सहा-आठ मिनिटे जोरात धावायला लावून स्पायरोमीटरमध्ये फुंकायला सांगतात. पहिल्या सेकंदात आधी ४ लिटर हवा बाहेर पडत होती आणि नंतर ३.४ लिटर पडली, तर घट १५ टक्के झाली. १० टक्के घटही निदानास पुरते.

ज्यांच्यात ही ढाल तयार होत नाही, त्यांना वार्म-अप फारसा तारत नाही. त्यांना डॉक्टर बहुधा व्यायामाआधी पंधरा मिनिटे सालब्युटामॉलचा इनहेलर घ्यायला सांगतात. तो रोज वापरला तर त्याचा परिणाम ओसरत जातो, म्हणून वारंवार लागत असेल, तर नळ्यांतला दाह कमी करणारे स्टिरॉइडचे इनहेलर नियमित सुरू करतात.