रोट्याचा हप्ता आणि वाफशाचे दिवस

घरी 40 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे, शेत आठ एकर, आणि दर हंगामात रोटाव्हेटर मात्र दुसऱ्याचा बोलवावा लागतो. लातूर-धाराशिवच्या सोयाबीन पट्ट्यात असे शेतकरी गावोगाव भेटतात. त्यांच्या मनात एक हिशेब कायम घोळत असतो : थोडं कर्ज काढून रोटा घेतला, तर आपलं रान वेळेवर होईल आणि शेजाऱ्यांची रानं मारून हप्ताही फिटेल. हा विचार चुकीचा नाही. पण हप्ता फिटणं न फिटणं हे व्याजाच्या दरापेक्षा वाफशाच्या दिवसांवर आणि उधारीवर ठरतं, आणि कर्जाच्या अर्जात या दोन्ही गोष्टींना रकाना नसतो.

आकडे मांडून पाहू. दर गावागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, म्हणून हे उदाहरणापुरते धरावेत. पाच फुटी, 36 पात्यांचा रोटा 1 लाख 10 हजारांना पडला. 30 हजार घरचे घातले, 80 हजार बँकेकडून घेतले. व्याज 12 टक्के, मुदत दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी हप्ता. असा हप्ता साधारण 23 हजार 100 रुपये बसतो.

आता कमाई. एकरी भाडं 1,400 रुपये धरलं, तर ते सगळे आपले नसतात. एकराला पाचेक लिटर डिझेल, म्हणजे 460 रुपये. चालकाचे 150, स्वतः चालवलं तरी ते धरावेतच, कारण तेवढा वेळ घरच्या कामातून जातो. पाती, गिअर ऑइल, ऑइल सील, बेअरिंग यांचे 90. ट्रॅक्टरचे टायर, क्लच आणि इंजिनची झीज 150. हे 850 वजा जाता हातात 550 उरतात. ट्रॅक्टरची झीज बरेच जण सोडून देतात आणि मग दोन वर्षांनी क्लचप्लेटचं काम निघालं की रोट्याच्या कमाईला हात घालतात.

550 रुपयांनी 23 हजार 100 भागवायचे तर एका हंगामात 42 एकर झालं पाहिजे. त्यात घरचं आठ एकर आलं, कारण तिथलं भाडं वाचतं. उरलं 34 एकर शेजाऱ्यांचं. रानं जवळजवळ असतील तर दिवसाला पाच एकर होतं. म्हणजे आठ-नऊ दिवसांचं काम. कागदावर हे सोपं दिसतं.

खरी अडचण अशी की ते आठ-नऊ दिवस सगळ्यांचे एकच असतात. उन्हाळी नांगरटीवरची ढेकळं फोडायला मे महिना मिळतो, तिथे घाई नसते. पण जूनमधला पहिला चांगला पाऊस झाला आणि रान वाफशावर आलं की सगळ्या शिवाराला त्याच आठवड्यात रोटा हवा असतो. पाऊस पुन्हा आला की काम थांबतं. म्हणून मे महिन्यातली जितकी एकरं आधी पक्की करता येतील तितकी करावीत. त्यासाठी भाड्यात थोडी सूट दिली तरी परवडते. जूनमध्ये एकही दिवस वाया गेला तर पाच एकरांचं काम जातं.

घाई झाली की गिऱ्हाईक म्हणतं, "जरा ओलं आहे, पण मारून टाका." इथे नाही म्हणता आलं पाहिजे. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून सोडावा. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला तर थांबावं. ओल्या काळ्या रानात पाती माती कापत नाहीत, घोटतात. वरचा थर वाळला की दगडासारखी ढेकळं होतात आणि पात्यांच्या खाली, चार-पाच इंचांवर, कडक थर बसतो. मुळं तिथे अडतात, पाणी साचतं, सोयाबीन पिवळं पडतं. नाव रोटेवाल्याचं निघतं आणि पुढच्या वर्षी ते रान हातून जातं. कोरड्यातही दरवर्षी नुसता रोटाच मारत राहिलं तरी हा थर तयार होतो. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करायला सांगणं हे भाडं घेणाऱ्याचंच काम आहे.

पात्यांवर नजर ठेवावी. मुरमाड रानात ती लवकर झिजतात, काळ्या मातीत जास्त टिकतात. ढेकळं पहिल्यासारखी फुटेनात, ट्रॅक्टर हिसके देऊ लागला, डिझेल जास्त लागू लागलं, तर पाती संपली असं समजावं. बदलताना डावी-उजवी पाती मूळ क्रमानेच बसवावीत. क्रम चुकला तर सगळा भार एकदम येतो आणि गिअरबॉक्सला मार बसतो. नवे बोल्ट पहिल्या दोन-तीन तासांनंतर पुन्हा आवळावेत. बांधावर वळताना रोटा उचलावा आणि पीटीओ बंद करावा. वजनासाठी रोट्यावर माणूस कधीही उभा करू नये, आणि फिरणाऱ्या शाफ्टवरचं झाकण काढून काम करू नये. धोतराचं टोक किंवा साडीचा पदर त्यात गुंतला तर वाचवायला वेळ मिळत नाही.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला नुसता रोटा देणं शक्यतो टाळावं. प्रत्येक ट्रॅक्टरला शाफ्टची लांबी वेगळी लागते. लांब शाफ्ट रोटा उचलताना आतून टेकतो आणि बेअरिंग फोडतो, आखूड असला तर निसटतो. फवारणी पंप भाड्याने द्यायचा विचार असेल तर त्याची जोखीम निराळी आहे : टाकीत 2,4-डी तणनाशकाचा अंश राहिला आणि तोच पंप कपाशीवर गेला, तर पानं भेंडीच्या पानांसारखी चिरतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

आता उधारी. जूनमध्ये मारलेल्या रानाचे पैसे बहुतेक सोयाबीन विकल्यावर येतात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. डिझेल मात्र पंपावर रोख. 34 एकरांचं डिझेलच साडेपंधरा हजारांवर जातं. ते हातात नसेल तर ऐन वाफशात ट्रॅक्टर उभा राहतो. म्हणून डिझेलचे पैसे आधी आणि बाकी सुगीला, हा रिवाज पहिल्या दिवसापासून सर्वांना सारखा लावावा, भावकीलाही. बँकेला मासिक हप्ता नको, सहामाही हवा, आणि तो पीक विकल्यानंतरच्या महिन्यात हवा असं अर्ज करतानाच सांगावं. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, तेव्हा एवढ्या कर्जासाठी जमीन गहाण ठेवण्याची गरज नाही. महाडीबीटीवरून अनुदान घ्यायचं असेल तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नये. आधीचं बिल चालत नाही. अनुदान खरेदीनंतर खात्यात येतं, म्हणून ते पहिल्या हप्त्याच्या हिशेबात धरू नये.

कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी वहीच्या एका पानावर दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या शेजाऱ्यांची नावं लिहा, प्रत्येकाचं किती एकर, मेमध्ये की जूनमध्ये, आणि डिझेलचे पैसे आधी देईल का. बेरीज 34 एकरांवर गेली तर रोटा घ्या. पंधरा-वीसवरच थांबली तर शेजारच्या एका ट्रॅक्टरवाल्याबरोबर भागीत घ्या, नाहीतर आणखी एक वर्ष भाड्याने बोलवा.